पाच वाजता कातळ कुठे होता?

*ताई, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या शॉर्ट फिल्मचं शूट मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर केलं, कॅमेरा माझ्याकडे होता. तीन दिवस झाले, थोडं पॅचवर्क राहिलंय, ते साधारण दोन आठवड्यांनी करू. तारीख ठरायची आहे. प्रोडक्शन डायरीला 100 पैकी 25 मार्क आहेत. सर म्हणतात, निर्णय दिसले पाहिजेत आणि तुझा स्वतःचा वाटा दिसला पाहिजे. माझी तीन दिवसांची मिळून दोन पानं झालीत. ती, क्लिपची यादी आणि काही फोटो सोबत पाठवतेय. राहिलेलं आता मागून लिहिलं तर चालेल का? आणि हीच डायरी पुढे पोर्टफोलिओत टाकता येईल का?*
*— कॅमेरावाली, कुडाळ*

तुझी तिसऱ्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘सकाळी 7 ला लोकेशन. रापणीचे शॉट छान मिळाले. संध्याकाळी सीन 7 चा राहिलेला भाग. कंटिन्युइटीचा प्रॉब्लेम आला, मॅनेज केलं. पॅकअप 6.30.’

यातलं ‘सात वाजता लोकेशन’ आणि ‘पॅकअप 6.30’ कॉलशीटवर आहेच, प्रोडक्शनवाल्या मुलाने ते लिहिलंही असेल. तुझ्या सरांना हवं होतं ते सगळं ‘मॅनेज केलं’मध्ये अडकून पडलंय. काय अडलं, समोर कोणते मार्ग होते, कोणता घेतला, कोणी घेतला आणि त्यात काय गमावलं, यातलं काहीच कळत नाही. गंमत म्हणजे तू पाठवलेल्या फोटोंत आणि क्लिपच्या यादीत ही अख्खी गोष्ट पडून आहे. तीच नोंद आपण नीट लिहून बघू. बाकीच्या नोंदी कशा करायच्या ते त्यातून आपोआप कळेल.

सीन 7 चा वाइड पहिल्या दिवशी घेतलाय. यादीत क्लिप A001C023, वेळ 4.58, लेन्स 24. तुझ्या फोटोत म्हातारी वाळूत उभी आहे, मागे काळा कातळ अर्धा पाण्यात आणि लाट त्याच्यावर फुटतेय. तिसऱ्या दिवशी त्याच सीनचा राहिलेला शॉट घ्यायला तुम्ही बरोबर त्याच वेळेला, पाचच्या सुमारास उभे राहिलात. उजेड तोच, सावल्यांची दिशा तीच. पण फोटोत कातळ पार कोरडा आहे आणि त्याच्या पुढे ओल्या वाळूचा मोठा पट्टा दिसतोय. प्रेक्षकाला वाटेल म्हातारी तासभर तिथेच थांबली, किंवा किनाराच बदलला.

घड्याळ जुळवलं तरी पाणी जुळत नाही, कारण भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारलं असतंस तर तिथीचा हिशोब सांगितला असता: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तुमचा पहिला दिवस शुद्ध दशमीचा. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास भरती, दीड-पावणेदोनला पूर्ण ओहोटी, रात्री आठच्या आधी पुन्हा भरती. पाच वाजता पाणी अर्ध्याच्या वर चढलेलं होतं. तिसरा दिवस द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, ओहोटी तीन-सव्वातीनला. पाच वाजता पाणी नुकतंच वर यायला लागलेलं. त्यात दशमी म्हणजे भांगाच्या जवळ, तेव्हा पाणी ना फार चढतं ना फार उतरतं. द्वादशीला उधाण जवळ यायला लागतं, म्हणून ओहोटीला पाणी आणखी खाली जातं. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला पडल्या आणि तुझा कातळ उघडा पडला. हा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत मिळते. पण ‘आज पाणी उशिरान भरतला’ हे रापणवाल्यांचं सकाळचं एक वाक्य डायरीत असतं, तर दुपारीच तुमच्या लक्षात आलं असतं.

पुढे यादीत 5.12 ला लेन्स 24 ची एक क्लिप आहे, अर्ध्यातच थांबवलेली. मग 5.31 पर्यंत काहीच नाही. आणि त्यानंतर सलग चार टेक लेन्स 85 वर. या एकोणीस मिनिटांत काहीतरी ठरलं, आणि डायरी नेमकी तिथेच गप्प आहे. काय बोलणं झालं ते मला कळायला मार्ग नाही. पण लेन्स पाहता नोंद साधारण अशी झाली असती:

‘दिवस 3, सीन 7, शॉट 4. ठरलं होतं: 24 वर वाइड, पहिल्या दिवसाच्या शॉटला जोडून, मागे कातळ आणि समुद्र. 5.12 ला फ्रेम लावली तेव्हा दिसलं की कातळ कोरडा आहे. पहिल्या दिवशी (A001C023) अर्धा पाण्यात होता. मार्ग तीन. एक, पाणी तिथपर्यंत चढेपर्यंत थांबणं. पण ते साडेसहाच्या पुढे, आणि सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. दोन, कॅमेरा उत्तरेला वळवून कातळ फ्रेमबाहेर ठेवणं; पण मग सूर्य तिच्या खांद्यामागून न येता गालावर येतो, पहिल्या शॉटशी उजेड जुळत नाही. तीन, 85 लावून मागे जाणं, कॅमेरा खाली आणणं, म्हणजे तिच्यामागे फक्त रापणीचा दोर आणि धूसर पाणी. मी तिसरा सुचवला. दिग्दर्शकाला वाइड हवाच होता, तिचं एकटेपण त्यातूनच दिसतं असं त्याचं म्हणणं. शेवटी 85 वर घेतलं, वाइड पॅचवर्कला ठेवला. तोटा: किनाऱ्याचा रितेपणा गेला. A003C014 ते C017, चौथा टेक बरा.’

दोनशे शब्दही नाहीत, आणि सर ज्याला निर्णय म्हणतात तो पूर्ण आहे. यातलं ‘मी सुचवला’, ‘दिग्दर्शकाला हवा होता’ हे मुद्दाम ठेवलंय. तुझ्या दोन पानांत सगळीकडे ‘आम्ही’ आहे. आम्ही ठरवलं, आम्ही घेतलं. गटाच्या फिल्मला एकच मार्क मिळत असते तर ‘आम्ही’ चाललं असतं. इथे तपासणाऱ्याला पाच जणांचे पाच वाटे वेगळे करायचेत आणि त्याच्या हातात तुमच्या पाच डायऱ्यांखेरीज काही नाही. म्हणून जे तू केलंस तिथे ‘मी’ लिही आणि जे दुसऱ्याने केलं तिथे त्याचं काम लिही. सूचना तुझी असून मान्य झाली नसेल, तरी लिही. मान्य न झालेली सूचना हाही तुझाच वाटा आहे, फक्त ती तेव्हाच मांडली होतीस हे दिसायला हवं.

एक पथ्य मात्र पाळ. दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत ‘साउंडवाला नेहमीसारखा लेट’ असं लिहिलंयस. नेहमीसारखा काढ. ‘साउंड 9.40 ला आला, 8.30 चा कॉल होता. माडांची सावली 9.15 पर्यंत वाळूवरून निघून गेली, म्हणून सीन 3 चा मऊ उजेड हुकला आणि डिफ्यूजन लावावं लागलं’ असं लिही. तक्रार तीच राहते, पण आता तिला परिणाम आणि उपाय जोडलाय, आणि सावलीची वेळही नोंदली गेली. तुमच्याकडे डोंगर आणि माडबन पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. सकाळी वाळूवर सावली किती वाजेपर्यंत टिकते हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येक कॅमेरामनला लागतं. पॅचवर्कला तुलाही लागेल.

आता मागून लिहिण्याचं. लिही, पण लपवू नकोस. वरच्या नोंदीसाठी मी जे केलं तेच तुला प्रत्येक सीनसाठी करता येईल: क्लिपच्या वेळा, लेन्स, फोटो आणि ग्रुपवरचे मेसेज समोर ठेव, आणि यादीत जिथे भोक दिसेल, म्हणजे दहा मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा बंद असेल किंवा लेन्स अचानक बदलली असेल, तिथे काय चाललं होतं ते आठव. निर्णय बहुतेक त्या भोकांतच असतात. प्रत्येक अशा नोंदीच्या वर ‘नंतर लिहिलं, अमुक तारखेला, क्लिपच्या यादीवरून आणि आठवणीवरून’ एवढं लिहून टाक. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ लिही. मागून लिहिलेली डायरी शूटच्या रात्री लिहिली म्हणून खपवली की दोन ठिकाणी उघडी पडते. एक, गूगल डॉक्समध्ये लिहिली असेल तर व्हर्जन हिस्टरीत तारखा दिसतात. दोन, मागून लिहिणारा सगळं शहाणपणाने लिहितो. ज्या दिवशी गोंधळ झाला त्याच दिवशीच्या नोंदीत त्याचं पूर्ण कारणही मिळालं, की सर ओळखतात.

तारखांवरून आठवलं. तुझ्या क्लिपच्या यादीत दुसऱ्या दिवसाच्या वेळा फोटोंपेक्षा साडेपाच तास मागे आहेत. म्हणजे दोन बॉडी वापरल्यात आणि भाड्याने आणलेल्या दुसऱ्या बॉडीचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं नव्हतं. घाबरू नकोस, पुरावा गेलेला नाही. डायरीच्या पहिल्या पानावर ‘दिवस 2, बी कॅमेरा: वेळेत 5.30 तास मिळवावे’ असं लिही, झालं. पॅचवर्कला पहिली क्लिप म्हणून फोनच्या घड्याळाचा चार सेकंदांचा शॉट घे, म्हणजे पुढे फरक कितीही असला तरी काढता येतो. फोटोंचंही बघ. ग्रुपवरून डाउनलोड केलेल्या फोटोंतली वेळेची माहिती निघून जाते. ज्याने काढलेत त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव, किंवा केबलने घे.

पॅचवर्कला लिहायचं कसं, तेही सांगते, कारण रात्री जेवणानंतर तीन पानं लिहीन असं म्हणणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात. तीन पानं कुणी लिहीत नाही. खिशात मावेल अशी वही आणि बॉलपेन ठेव. शाईपेन नको, खाऱ्या ओल्या हातांनी शाई पसरते. आणि वाऱ्यात रेकॉर्ड केलेली व्हॉइस नोट रात्री ऐकताना निम्मी कळत नाही, सवय असेल तर टपरीच्या आडोशाला जाऊन कर. सेटवर फक्त तेव्हा लिही जेव्हा ठरलेलं बदलतं. वेळ, सीन, आणि चार शब्द: ‘5.12 कातळ कोरडा, 85?’ बस. रात्री कार्ड कॉपी होत असतं तेव्हा नाहीतरी तू लॅपटॉपसमोर बसून असतेस. तेव्हा या खुणांपैकी दोनच निवडून वरच्यासारख्या पूर्ण लिही. बाकीच्या तशाच राहू देत, त्याही पुरावाच आहेत. झोपण्याआधी वहीच्या पानाचा फोटो काढून ठेव, वही पाण्यात पडली तरी नोंद राहते.

तिसरा टप्पा तुझ्या वर्गात बहुधा कुणीच करणार नाही. रशेस पाहिल्यावर त्याच नोंदीखाली नवी तारीख टाकून दोन ओळी लिही, वरचं एक अक्षरही न खोडता. उदाहरणार्थ: ‘एडिटवर पाहिलं. 85 चा शॉट वाइडनंतर लगेच जोडला तर मागचं पाणी वेगळं वाटतं, मध्ये दोराचा क्लोज टाकला की चालतं. म्हणजे वाइड पुन्हा न घेताही सीन जुळतो.’ किंवा उलट, ‘जुळत नाही, वाइड घ्यावाच लागेल.’ सर ज्याला पुनर्विचार म्हणतात तो हाच. शेवटी एक पान ‘मी काय शिकले’ लिहून तो होत नाही. निकषांच्या बाजूला पानांचे नंबर लिहून एक अनुक्रमणिका जोड: निर्णय, पान 4, 9, 11, वैयक्तिक वाटा, पान 4, 7. पंचवीस-तीस डायऱ्या तपासणाऱ्या माणसाला शोधायला लावू नकोस.

आता पोर्टफोलिओ. डायरी जशीच्या तशी टाकू नकोस. तिच्यात लोकांचे नंबर आहेत, घराच्या मालकाशी झालेली पैशांची बोलणी आहेत, साउंडवाल्या मुलावर रागही आहे. काम देणाऱ्या माणसाला यातलं काही नको असतं. त्याला तुझे शॉट बघायचे असतात, आणि अडचणीत तू काय करतेस ते. डायरीतून दोन-तीनच निर्णय काढ आणि प्रत्येकाचं एक पान कर: डावीकडे पहिल्या दिवसाची फ्रेम, उजवीकडे तिसऱ्या दिवसाची, खाली पाच-सहा ओळींत पाणी का बदललं आणि 85 का लावली. दिग्दर्शकाचं म्हणणंही त्यात राहू दे. त्याने वाइडचा हट्ट धरला हे वाचून कुणाला तुझ्याबद्दल वाईट वाटणार नाही. उलट मतभेदात तू कशी वागतेस ते दिसतं, आणि युनिटमध्ये घेताना लोक तेच विचारतात. श्रेय पूर्ण लिही, तुझं नाव फक्त कॅमेऱ्यापुढे.

यात दोन अडचणी आहेत, त्या आत्ताच बघून घे. पहिली, संमती. रापण ओढणाऱ्या लोकांच्या सह्या घेतल्यास का, आणि घेतल्यास तर कागदावर काय लिहिलंय? ‘कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी’ एवढंच असेल, तर त्यांचे चेहरे पोर्टफोलिओत किंवा फेस्टिव्हलला वापरायला तो कागद पुरत नाही. पॅचवर्कला जाशील तेव्हा साध्या मराठीत नवा कागद ने: फिल्म कुठे कुठे दाखवली जाऊ शकते, फोटो कुठे लागू शकतात. वाचून दाखव, मग सही घे. लहान मुलं फ्रेममध्ये असतील तर आई किंवा वडिलांची सही. कुणाची घेतली, कुणी नको म्हटलं, ते त्याच दिवशी डायरीत लिही. नको म्हणणाऱ्याच्या क्लिपचा नंबर त्याच्यासमोर टाक, नाहीतर चार महिन्यांनी तूच विसरशील.

दुसरी अडचण मालकीची. आपल्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणून निर्माता धरतात, कॅमेरा चालवणारा नाही. विद्यार्थ्यांच्या फिल्मचा निर्माता कॉलेज की तुमचा गट, हे तुमच्या विभागाच्या नियमांत किंवा तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर बघ. कॉलेज असेल तर स्टिल आणि अर्ध्या मिनिटाचा तुकडा वापरायची लेखी परवानगी माग, बहुतेक ठिकाणी देतात. अख्खी फिल्म मात्र सगळ्यांना दिसेल अशी लगेच टाकू नकोस. काही फेस्टिव्हल आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, आणि तो निर्णय एकट्या तुझा नाही. पासवर्ड लावलेली लिंक ठेव.

राहिली पॅचवर्कची तारीख. ‘साधारण दोन आठवड्यांनी’ म्हणालीस, तर दिग्दर्शकाला सांग की वद्य दशमी किंवा तिच्या अगदी जवळचा दिवस धरू या. शुद्ध दशमीपासून वद्य दशमीपर्यंत भरतीची वेळ फिरून पुन्हा जवळपास तिथेच येते. म्हणजे पाच वाजता पाणी चढतं असेल आणि कातळ अर्धा बुडालेला असेल. डिसेंबरात पंधरवड्यात सूर्यास्त दहा मिनिटांच्या आतच सरकतो, त्यामुळे उजेडही जुळेल. पाण्याची उंची मात्र दोन दशम्यांना थोडी कमी-जास्त असू शकते, म्हणून आधी कोष्टकात बघ. आणि त्या दिवशी चारलाच जाऊन 24 वर पहिल्या दिवसाची फ्रेम लावून ठेव. A001C023 मधला कातळाचा कुठला भाग पाण्याबाहेर आहे ते स्टिल फोनवर समोर ठेव आणि पाणी त्या खुणेला टेकलं की रोल कर, घड्याळात कितीही वाजलेले असोत. टेकलं ती वेळ वहीत लिही.